तबकडीवरचे तीस मीटर

शाळा सुटता सुटता नववीतला एक मुलगा आमच्यापाशी आला. मनगटावरचे घड्याळ काढून त्याने आमच्या हातात दिले. काच आतून पांढरी धुरकट झाली होती, काटे नीट दिसत नव्हते. तबकडीवर सहाच्या आकड्याजवळ बारीक इंग्रजी अक्षरांत 'वॉटर रेझिस्टंट ३० एम' असे छापलेले होते. "सर, यावर तीस मीटर लिहिलंय," तो म्हणाला. "आपला पोहायचा तलाव खोल बाजूलाही दीडच मीटर आहे. मग पाणी आत गेलं कसं?"

आम्ही त्याला तेच उत्तर दिले, जे आम्ही आजवर अनेकांना दिले आहे आणि आपल्यापैकी बऱ्याच शिक्षकांनीही दिले असेल. घड्याळाची चाचणी स्थिर पाण्यात होते; पोहताना आपण हात जोरात मारतो, त्यामुळे पाण्याचा दाब खूप वाढतो; म्हणून तीस मीटरचे घड्याळ दीड मीटर पाण्यातही टिकत नाही. मुलाने मान डोलावली. जाता जाता मात्र त्याने विचारले, "खूप म्हणजे किती वाढतो, सर?"

ते आम्ही कधी मोजलेच नव्हते. घरी जाऊन आकडेमोड केली, तेव्हा लक्षात आले की इतकी वर्षे सांगितलेले हे उत्तर चूक आहे. चुकीचे उत्तर इतके दिवस टिकले, याला तबकडीवरची ती ओळही बरीचशी जबाबदार आहे. या लेखात आम्हांला दोघांचीही तपासणी करायची आहे: आमच्या उत्तराची आणि त्या ओळीची.

मीटर कशाचे?

प्रथम त्या ओळीतील मीटर समजून घेऊ. मीटर हे लांबीचे एकक, पण येथे ते दाब सांगण्यासाठी वापरले आहे. यात वावगे काही नाही. डॉक्टर रक्तदाब १२० मिलीमीटर सांगतात, तेव्हा आपल्या नसांत पाऱ्याचा स्तंभ उभा असतो असे कोणी समजत नाही. त्या उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाने जेवढा दाब पडेल तेवढा दाब, एवढाच त्याचा अर्थ. त्याचप्रमाणे तीस मीटर म्हणजे तीस मीटर उंचीच्या स्थिर पाण्याच्या स्तंभाचा दाब. पाण्याची घनता घनमीटरला १००० किलोग्रॅम आणि गुरुत्वत्वरण ९.८ धरले, तर एक मीटर पाण्याचा दाब ९८०० पास्कल येतो. तीस मीटरचा येतो सुमारे तीन लाख पास्कल, म्हणजे ३ बार. हा दाब वातावरणाच्या नेहमीच्या दाबावर अधिकचा. म्हणूनच काही घड्याळांवर मीटरऐवजी '३ बार' किंवा '३ एटीएम' असे छापतात. तिन्हींचा अर्थ व्यवहारात एकच.

फरक आहे तो पुढे. डॉक्टर रुग्णाच्या अंगातला आजचा दाब मोजून सांगतात. तबकडीवरचा आकडा मात्र तुमच्या मनगटावरच्या घड्याळाविषयी आज काहीच सांगत नाही. तो एका चाचणीचा आकडा आहे. ती चाचणी काय असते ते कळले की निम्मे कोडे सुटते.

हाताचा फटका मोजून पाहिला

आधी आमच्या उत्तराचा निकाल लावू. वाहत्या पाण्याने अंगावर पडणारा जास्तीचा दाब काढायला सूत्र सोपे आहे: अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. वेग तेवढा हवा. वर्गात मुलांना हवेत हात फिरवायला सांगून वेळ मोजा, किंवा तलावाच्या काठावरून एखाद्या पोहणाऱ्याचा हात पहा. साधारण पोहणाऱ्याचा पंजा पाण्यातून सेकंदाला दोन ते तीन मीटर वेगाने जातो. तीन धरू. तीनचा वर्ग नऊ, त्याची घनतेशी गुणून निमपट केली की ४५०० पास्कल. मीटरच्या भाषेत सांगायचे तर ४६ सेंटिमीटर पाणी.

म्हणजे जोरात मारलेल्या हाताने वाढणारा दाब अर्धा मीटरसुद्धा नाही. मुलगा फार चपळ आहे असे मानून वेग सेकंदाला पाच मीटर घेतला, तरी १२,५०० पास्कल, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास. तलावाची दीड मीटर खोली त्यात मिळवली तरी बेरीज तीनच्या आतच राहते. तीस मीटर गाठायला हात किती वेगाने मारावा लागेल? उलटे गणित केले तर सेकंदाला साडेतेवीस मीटर, म्हणजे ताशी ८५ किलोमीटर येतात. पाण्यात असा हात कोणाचाही चालत नाही.

विहिरीत उडी मारणाऱ्या मुलांचे काय, असे कोणी विचारील. काठ पाण्यापासून पाच मीटर उंच असेल, तर पाण्याशी पोहोचताना वेग सेकंदाला दहा मीटरच्या जवळपास होतो. त्याचा दाब काढला तर बरोबर पाच मीटर पाण्याएवढा येतो. हा योगायोग नाही. जितक्या उंचीवरून पडलो तितक्याच उंचीच्या पाण्याचा दाब, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेचेच दुसरे रूप आहे, आणि अकरावीच्या वर्गाला ते सिद्ध करायला देता येईल. या हिशेबाची एक मर्यादा मात्र सांगायला हवी. पंजा किंवा घड्याळाची काच पाण्यावर सपाट आपटली, तर त्या क्षणी दाब याहून पुष्कळ वर जातो. पण तो सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता टिकतो आणि आमचे सूत्र त्याला लागू पडत नाही. नेहमीच्या पोहण्यात असे आपटणे थोडे असते.

हाच हिशेब न्हाणीघरातही करून पाहण्यासारखा आहे. शॉवरचे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते. टाकी दहा मीटर उंच असली, तर त्या पाण्याचा दाब नळाशी फार तर दहा मीटरचा. धार बाहेर पडेपर्यंत त्यातलाही बराच घर्षणात जातो. त्या मानाने बादली-तांब्याची अंघोळ म्हणजे काहीच नाही. तात्पर्य, पोहणे असो, शॉवर असो की पाऊस असो, यांतल्या कशाचाही दाब तीस मीटरच्या जवळपास फिरकत नाही. तरीही काच धुरकट होते. तेव्हा दोष पाण्याच्या दाबात शोधण्याऐवजी घड्याळात शोधायला हवा.

चाचणी कोणाची, किती वेळ?

पाणी रोखणाऱ्या घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे, म्हणजे आयएसओचे, एक मानक आहे. पूर्वी त्याचा क्रमांक २२८१ होता. २०१० साली त्याची जागा २२८१० या मानकाने घेतली. त्यात चार गोष्टी मुख्य आहेत. घड्याळ दहा सेंटिमीटर पाण्यात तासभर ठेवतात. मग तशाच उथळ पाण्यात चावीवर आणि बटणांवर पाच न्यूटन जोर, म्हणजे अर्धा किलो वजनाएवढा, दहा मिनिटे देतात. नंतर ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच मिनिटे, २० अंशांच्या पाण्यात पाच आणि पुन्हा ४० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटे बुडवतात. शेवटी छापलेल्या आकड्याएवढा दाब मिनिटभरात चढवून दहा मिनिटे टिकवतात.

दहा मिनिटे, स्थिर आणि स्वच्छ पाणी, आणि घड्याळ कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले. शिवाय प्रत्येक घड्याळ तपासलेच पाहिजे असा या मानकाचा आग्रह नाही. उत्पादनातले काही नमुने तपासले तरी चालतात. म्हणजे तुमच्या हातातले घड्याळ त्या पाण्यात कधी उतरलेच नसेल, असेही होऊ शकते. त्याच्या साच्यातले भावंड मात्र उतरलेले असते.

याला आमच्या ओळखीची उपमा द्यायची तर विहिरीच्या दोराची देता येईल. दुकानदाराने नव्या दोरांतला एक निवडला, त्याला तीनशे किलो वजन दहा मिनिटे टांगले आणि तो तुटला नाही म्हणून सगळ्या दोरांवर 'तीनशे किलो' अशी चिठ्ठी लावली. चिठ्ठी खोटी नाही. पण तो दोर तीन उन्हाळे-पावसाळे रहाटावर घासल्यावर त्याला तीनशे किलो टांगायला कोणी धजणार नाही. शहाणा माणूस त्यावर तीस किलोची घागर बांधतो आणि उरलेले राखीव सोडतो. अभियंते यालाच सुरक्षितता गुणांक म्हणतात. घड्याळाच्या तबकडीवर चाचणीचा आकडा छापलेला असतो, पण त्यातला वापरायचा भाग किती आणि राखीव किती, हे छापलेले नसते. आमची पहिली तक्रार ही आहे.

रबराची कडी

दोरात झिजतो तो काथ्या. घड्याळात झिजते ती रबराची कडी. मागचे झाकण आणि कवच यांच्या मध्ये, चावीच्या दांडीभोवती आणि बहुधा काचेच्या कडेला पाणी अडवायला रबराचे किंवा प्लास्टिकचे वायसर असतात. मागच्या झाकणाचा वायसर म्हणजे जेमतेम अर्धा ते एक मिलीमीटर जाडीची कडी. झाकण बसवले की ती दाबली जाते आणि परत फुगण्याच्या धडपडीत दोन्ही बाजूंना घट्ट टेकून राहते. पाणी अडते ते त्या टेकण्याच्या जोराने.

रबराचा स्वभाव असा, की दीर्घकाळ दाबून ठेवले तर ते हळूहळू त्याच आकाराचे होते. वर्षा-दोन वर्षांनी झाकण उघडून कडी बाहेर काढली, तर तिचा छेद गोल न राहता चपटा झालेला दिसतो. चपटी कडी पूर्वीच्या जोराने टेकत नाही. उष्णता, घाम आणि तलावातले क्लोरीन यांनी ती कडक होते, कधी तिला बारीक चिरा पडतात. अशी कडी तीन बार सोडाच, तीन सेंटिमीटर पाणीही रोखील याची खात्री नाही. आणि तबकडीवरचे तीस मीटर तसेच चकचकीत असतात, कारण शाई रबराबरोबर म्हातारी होत नाही.

आता गरम पाण्याच्या अंघोळीचे पाहू. दाबाच्या दृष्टीने ती निरुपद्रवी ठरली, तरी जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत घड्याळ घालून गरम पाण्याने अंघोळ करू नका असे सांगितलेले असते. याचे कारण आतल्या हवेत आहे. घड्याळ ४२ अंशांच्या पाण्यात तापले की आतली हवा प्रसरण पावते. कडी थोडी जरी सैल असली, तर त्यातली थोडी हवा बाहेर निसटते. पुढे घड्याळ २२ अंशांपर्यंत निवाले की आत राहिलेल्या हवेचा दाब कमी होतो. केवल तापमानात हे ३१५ वरून २९५ झाले, म्हणजे सुमारे सहा टक्के घट. वातावरणाच्या दाबाच्या सहा टक्के म्हणजे जवळपास ६५ सेंटिमीटर पाणी. ओल्या घड्याळावर बाहेरून एवढा दाब पाणी आत ढकलत राहतो. जोरदार हात मारण्याने पडला त्यापेक्षा हा अधिक, आणि हाताचा फटका क्षणात संपतो तसा हा संपत नाही. त्यात साबण असला तर पाण्याचा पृष्ठताण निम्म्याच्या खाली येतो आणि एरवी ज्या फटीत पाणी शिरायला कां-कूं करते तिच्यात ते सहज जाते. मानकातली चाचणी ४० अंशांपर्यंत जाते. पण साबणाचे पाणी, वाफ आणि रोजची अंघोळ तिच्यात नाही.

त्या घड्याळाचे काय झाले होते?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला बोलावून घेतले आणि दोघांनी मिळून चौकशी केली. पहिला प्रश्न असा, की धुके खरोखर बाहेरून आलेल्या पाण्याचे होते, की आतल्याच दमट हवेचे? पावसाळ्यात दुकानात सेल बदलताना आत दमट हवा कोंडली जाऊ शकते. याचाही हिशेब करता येतो. अशा घड्याळात मोकळी हवा साधारण एक घन सेंटिमीटर धरू. ३० अंशांना पूर्ण संपृक्त हवेत घनमीटरला ३० ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांना १७ ग्रॅम. म्हणजे आपल्या एक घन सेंटिमीटर हवेतून थंड झाल्यावर १३ मायक्रोग्रॅम पाणी निघेल. काचेचे क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर. सगळ्या काचेवर ते पसरले तर थराची जाडी एका मायक्रॉनच्या पन्नासाव्या भागाइतकी, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी कमी. असा थर डोळ्यांना धुके म्हणून दिसणार नाही. मुलाची काच मात्र कडेपासून कडेपर्यंत पांढरी होती. तेव्हा पाणी बाहेरूनच आले होते.

दुसरा प्रश्न: कुठून? घड्याळ तीन वर्षांपूर्वीचे. त्याचा सेल दोनदा बदललेला, दोन्ही वेळा बाजारातल्या टपरीवर, पाच मिनिटांत. ओळखीच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडून आम्ही मागचे झाकण काढून घेतले. ते दाबून बसवायचे झाकण होते. ज्या खाचेत सुरी घालून ते उचकटतात, तिच्याजवळ कवचावर ओरखडा दिसत होता. भिंगातून पाहिले तर वायसर सगळीकडे चपटा झालेला, आणि एका ठिकाणी खोबणीतून सरकून झाकणाच्या कडेखाली चिमटलेला. तेथे तो अर्धा कापला गेला होता. त्यांनी तो चिमट्याने उचलून मुलाला दाखवला आणि म्हणाले, "बाळ, हा वायसर सेलबरोबरच बदलायला हवा होता. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. पण गिऱ्हाईक मागत नाही आणि टपरीवाला सांगत नाही."

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. त्या घड्याळाचे तीस मीटर टपरीवर पहिल्यांदा झाकण उघडले तेव्हाच धोक्यात आले होते आणि वायसर चिमटला त्या दिवशी संपले होते. मग ते तलावात नेले काय आणि बेसिनखाली धरले काय, फरक फक्त वेळेचा.

घड्याळ बंद ठेवूनच आत ओल आहे का हे पाहण्याची एक चाचणी त्याच मानकात दिली आहे आणि ती वर्गात करण्याजोगी आहे. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवायचे. कोमट पाणी भरलेल्या स्टीलच्या डब्याच्या कोरड्या झाकणावर ते पंधरा-वीस मिनिटे ठेवले तरी भागते. मग काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मिनिटभराने टिपून घ्यायचा आणि लगेच भिंगातून पाहायचे. थेंबाच्या जागी काच आतून धूसर दिसली तर आत ओल आहे. वरचा हिशेब लक्षात घेतला तर ही युक्ती किती सूक्ष्म आहे ते कळते: सगळ्या काचेवर न दिसणारी तेवढीच ओल थेंबाएवढ्या जागेत गोळा झाली की दिसू लागते. मात्र ही चाचणी फक्त आत ओल आहे की नाही हे सांगते. फट आहे की नाही हे ती सांगत नाही. त्यासाठी दुरुस्ती करणाऱ्यांकडे दाबाचे भांडे असते. घड्याळ पाण्याच्या वर हवेत टांगून भांड्यातला दाब वाढवतात, मग घड्याळ पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडतात. फट असेल तर आत घुसलेली हवा बुडबुड्यांच्या माळेसारखी बाहेर येते आणि पाणी आत जाण्याआधीच दोष सापडतो.

मग आकड्यांचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण तो राखीव बळाचा आकडा म्हणून. १०० मीटरचे घड्याळ घेणारा माणूस शंभर मीटर खोल जाणार नसतो. पण तेवढा दाब सोसायला जाड वायसर, पुष्कळदा आट्यांचे मागचे झाकण आणि चावीभोवती अधिक बंदोबस्त करावा लागतो. त्यामुळे रबर निम्मे थकले तरी पोहण्याच्या दोन-तीन मीटरला पुरून उरते. ३० मीटरच्या घड्याळाचे झाकण बहुधा दाबून बसवायचे आणि वायसर बारीक असतो, म्हणून त्याचे राखीव लवकर संपते.

या दृष्टीने पाहिले की व्यवहारातले नियम पाठ करावे लागत नाहीत. नुसतेच 'वॉटर रेझिस्टंट' किंवा ३० मीटर असेल, तर हात धुणे, पावसाचे शिंतोडे, भांडी विसळणे ठीक. पोहताना काढून ठेवावे. ५० मीटरचे घड्याळ नवे किंवा नुकतेच तपासलेले असेल तर तलावात चालेल. नेहमी पोहणाऱ्याने १०० मीटरचे घ्यावे. गरम पाणी, वाफ आणि साबण यांच्यापासून मात्र कोणताही आकडा असला तरी घड्याळ दूर ठेवलेले बरे, कारण तेथे प्रश्न दाबाचा नसून रबराच्या आयुष्याचा आहे. समुद्रातून किंवा तलावातून आल्यावर साध्या पाण्याने धुवावे, पाण्यात असताना चावी ओढू नये, बटणे दाबू नयेत. आणि सेल बदलला की वायसर बदलून दाबाची चाचणी मागून घ्यावी.

आमची दुसरी तक्रार कंपन्यांच्या विसंगतीबद्दल आहे. १९९० सालच्या २२८१ क्रमांकाच्या मानकाने आपला हेतू सांगताना, ही घड्याळे रोजच्या वापरासाठी आणि थोडा वेळ पोहण्यासारख्या व्यायामातही पाणी रोखण्यासाठी आहेत, असे म्हटले होते. पाण्याखाली डुबकी घेऊन काम करण्यासाठी नाहीत, हेही तेथे स्पष्ट होते. इकडे ३० मीटरच्या घड्याळाबरोबर येणारी बहुतेक माहितीपत्रके पोहू नका असे बजावतात. सावधगिरी म्हणून ते योग्यच आहे. पण तो सल्ला पत्रकात बारीक अक्षरांत राहतो आणि तबकडीवर येतो तो तीसचा आकडा. पत्रक पेटीबरोबर माळ्यावर जाते, तबकडी दिवसातून पन्नास वेळा डोळ्यांसमोर येते.

असे होणे अपरिहार्य नाही, हे पाणबुड्यांच्या घड्याळांवरून दिसते. त्यांचे मानक वेगळे, क्रमांक ६४२५. त्याप्रमाणे 'डायव्हर्स २०० मीटर' असे लिहायचे, तर घड्याळाला २०० मीटरच्या सव्वापट, म्हणजे २५० मीटरचा दाब सोसावा लागतो, तोही दोन तास, आणि नमुन्यादाखल एकाने नव्हे तर प्रत्येक घड्याळाने. तेथे राखीव आधीच वेगळे काढलेले असते, म्हणून नव्या घड्याळावरचे मीटर खरोखर मीटर असतात. एकाच दुकानाच्या एकाच कपाटात दोन घड्याळांवर मीटर हा शब्द दोन अर्थांनी छापलेला असतो आणि तो फरक गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

'फक्त शिंतोडे' किंवा 'पोहण्यास योग्य, दर दोन वर्षांनी तपासा' एवढे शब्द झाकणाच्या मागे कोरायला जागा नक्कीच आहे. ते होईपर्यंत निदान वर्गात आपण चुकीचे कारण सांगू नये. आम्ही त्या मुलाला आमचे गणित दाखवले आणि पहिले उत्तर चूक होते हे सांगितले. त्याने वहीत ताशी ८५ किलोमीटरचा आकडा तपासून पाहिला आणि वायसरचा तो कापलेला तुकडा कागदात गुंडाळून नेला. आपल्या शाळेत मुलांच्या घड्याळांवर थेंबाची चाचणी करून पाहावी आणि सेल बदललेल्या घड्याळांपैकी किती धूसर निघाली ते आम्हांला जरूर कळवावे.